'करकचून बांधा, चीर द्या' म्हणणाऱ्या अनोळखी गृहस्थांना उत्तर द्यायचंय, मसुदा बघाल का?

सिस्टर_तळकोकण

नमस्कार मंडळी. शेतीच्या एका फेसबुक समूहात एका गृहस्थांनी पुढची पोस्ट टाकली आहे. माझी त्यांची काही ओळख नाही.

"पावसाळा आला, साप निघणार. साप चावला की आधी वरच्या बाजूला दोरीने करकचून बांधा. ब्लेडने चीर देऊन काळं रक्त काढून टाका. मग आमच्या गावच्या बाबांकडे आणा. चाळीस वर्षांत बाबांकडे आलेला एकही माणूस दगावला नाही. दवाखान्यात नेलेले मात्र गेले."

खाली लोकांनी हात जोडून आभार मानलेत. एका बाईंनी लिहिलंय, "उपयुक्त माहिती, जपून ठेवते." मी ग्रामीण रुग्णालयात आहे. असं बांधून, चिरून आणलेले पाय आम्ही दर पावसाळ्यात बघतो. ते वाचलं आणि तिडीक गेली डोक्यात. मी लिहिलेलं उत्तर असं आहे, अजून टाकलेलं नाही:

"अहो महाशय, अक्कल गहाण टाकलीय का? कुठल्या जमान्यात राहता? तुमच्यासारख्या अडाण्यांमुळेच माणसं मरतात. दोरी बांधली की पाय सडतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. तुमच्या त्या भोंदू बाबाला आधी आत टाकायला हवं. फुरसं चावल्यावर चीर दिली तर रक्त थांबत नाही, माहीत आहे का तुम्हाला? नसेल तर तोंड बंद ठेवा. उद्या तुमच्या पोराला चावला की या आमच्याकडे रडत."

मला यातला राग लपवायचा नाहीये. पण जपून ठेवणाऱ्या त्या बाईंनी हे वाचून त्या गृहस्थांची पोस्ट खोडावी, एवढं मात्र हवंय. यानं ते होणार नाही हे दिसतंय. कसं लिहू?

माहीमचा_बंड्या

कशाला वेळ घालवता? चुकीची वैद्यकीय माहिती म्हणून तक्रार नोंदवा आणि मोकळ्या व्हा. अनोळखी माणसाशी वाद घालून आजवर कोणाचं मत बदललंय?

सिस्टर_तळकोकण

तक्रार केलीच आहे. पण पोस्ट गेली तरी ज्यांनी वाचली त्यांच्या डोक्यात ती राहिलीच ना. बरोबर काय ते त्यांना कुठे वाचायला मिळणार?

विहिरीकाठचा

आमच्या विहिरीच्या कठड्यात लांबलचक पिवळसर साप राहतो, उंदीर खातो. शेजारी म्हणतात मारा. सर्पमित्राला बोलवू का? नंबर मिळेल का कोणाचा?

सिस्टर_तळकोकण

दादा, वर्णनावरून धामण वाटते, पण न बघता सांगणार नाही. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा, ते माणूस पाठवतील. मारू नका. इथे आपण वेगळ्या विषयावर बोलतोय, तेवढं समजून घ्या.

जुना_पत्रपाना

मी बरीच वर्षं एका दैनिकात वाचकांच्या पत्रांचं पान पाहिलंय. संतापलेली पत्रं छापण्याजोगी करणं हेच काम होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या मसुद्यात आठ वाक्यं आहेत. प्रत्येकापुढे मांडा की ते माणसाबद्दल आहे की सर्पदंशाबद्दल. दंशाबद्दल दोनच निघतात, दोरीचं आणि चिरेचं. बाकी सहा त्या गृहस्थांबद्दल, बाबांबद्दल किंवा त्यांच्या मुलाबद्दल आहेत. ती सहा काढली की तुमच्या हातात दोन मुद्दे राहतात आणि दोन्ही भक्कम आहेत. आत्ता ते शिव्यांच्या मधोमध अडकलेत, त्यामुळे वाचणाऱ्याला दिसतच नाहीत.

'शेंबड्या पोरालाही कळतं' हे वाक्य तर उलटंच काम करतं. जपून ठेवणाऱ्या बाईंना ते कळत नव्हतं. म्हणजे ज्यांच्यासाठी तुम्ही लिहिताय त्यांनाच ते लागतं, आणि ज्याला टोचलं तो माणूस पोस्टवाल्याच्या बाजूला जाऊन उभा राहतो. अपमान करताना आपण एकावर नेम धरतो, पण तसंच मानणाऱ्या सगळ्यांना तो लागतो.

'माहीत आहे का तुम्हाला?' या प्रश्नाला तुम्हाला उत्तर नकोय, त्यामुळे तो प्रश्न राहत नाही. त्याचं साधं विधान करा: "फुरसं चावल्यावर चीर दिली तर रक्त थांबत नाही." शक्य असेल तर पुढे का थांबत नाही तेही लिहा. 'महाशय' काढा, आपल्याकडे ते मान म्हणून कोणी लिहीत नाही. नुसतं 'तुम्ही' पुरे. मुलाचं वाक्य कुठल्याही रूपात नको.

आता सगळ्यात अवघड भाग. त्यांची सगळ्यात जोरदार बाजू तुमच्या उत्तरात आलेलीच नाही. 'चाळीस वर्षांत एकही दगावला नाही, दवाखान्यात नेलेले गेले' हा त्यांचा पुरावा आहे. लोकांनी हात जोडले ते दोरीसाठी नव्हे, या वाक्यासाठी. तुम्ही दोरी आणि ब्लेडवर उत्तर दिलंत तर लोक म्हणतील, बाईंचं पुस्तकी ज्ञान आहे, बाबांकडे तर माणसं वाचतात. तो दावा आधी त्यांच्याच शब्दांत मांडा, त्यांनी 'हो, हेच म्हणालो मी' म्हणावं इतका नीट. मग तो तपासा. तो खोटा आहे का? की खरा असूनही त्यातून निघणारा निष्कर्ष चुकतो? हे डॉक्टरांपैकी कोणी सांगावं.

डॉक्टरकाका_निवृत्त

प्राथमिक आरोग्य केंद्रात सगळी नोकरी झाली माझी, मराठवाडा आणि नंतर कोकण. तो दावा बऱ्याच अंशी खरा असू शकतो आणि तसं मान्य करण्यात काही कमीपणा नाही.

आपल्याकडच्या बहुतेक साप-जाती बिनविषारी. महाराष्ट्रात माणसं दगावतात ती मुख्यतः चौघांमुळे: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. हे चौघे चावले तरी दर वेळी विष सोडतात असं नाही, काही दंश कोरडे असतात. म्हणजे बाबांकडे जाणाऱ्या माणसांमध्ये ज्यांच्या अंगात विषच गेलेलं नाही असे पुष्कळ. त्यांना अंगारा लावा, कडुनिंबाचा पाला खायला द्या, नाहीतर झोपवून ठेवा, ते वाचणारच. श्रेय मात्र बाबांना जातं.

आता दवाखान्याचं. बाबांकडे उतार पडला नाही, डोळे मिटायला लागले, श्वास लागला, लघवीत रक्त दिसलं, की मग गाडी काढतात. म्हणजे विष गेलेली आणि त्यातही उशीर झालेली माणसं आमच्या दारात. ती गेली की नोंद दवाखान्याच्या नावावर. एका गावातल्या लोकांची अशी आपोआप विभागणी होते आणि कोणी खोटं न बोलताही बाबा शंभर टक्के यशस्वी ठरतो.

सिस्टर, ही गोष्ट आधी सांगा. त्यांना खोटं ठरवायची गरजच पडत नाही.

स्पष्टवक्ती_पुणे

एवढं लांबण लावलंत तर कोणी वाचणार नाही. दोन ओळी लिहा: "भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58 हजार माणसं मरतात. मांत्रिकाकडे जाऊ नका." आकडा टाकला की तोंड बंद होतं. आणि बांधणं अगदीच चूक आहे असंही नाही. ऑस्ट्रेलियात चावलेल्या हातापायाला बँडेज गुंडाळायला शिकवतात, माझा भाऊ तिथे आहे. त्यामुळे 'बांधू नका' असं सरसकट लिहिलंत तर तेच तुम्हाला चूक ठरवतील.

डॉक्टरकाका_निवृत्त

आकडा बरोबर आहे. 2000 ते 2019 या काळाचा तो अंदाज आहे आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. पण तो त्या गृहस्थांच्या म्हणण्याला उत्तर देत नाही. ते म्हणतील, बघा, दवाखाने असूनही 58 हजार मरतात.

बँडेजबद्दल तुमचं अर्धं बरोबर. तिथे रुंद लवचिक पट्टी बोटांपासून वरपर्यंत अख्ख्या अवयवाला गुंडाळतात आणि फळी लावतात. दोरीने एका जागी आवळणं वेगळं. शिवाय तिथल्या सापांचं विष प्रामुख्याने नसांवर आणि रक्तावर काम करतं, चावल्या जागेचं मांस फारसं कुजवत नाही. आपल्याकडे घोणस चावली की ती जागाच सुजते, फोड येतात, मांस मरतं. तिथे विष कोंडून ठेवणं धोक्याचं. नागमण्यारीच्या दंशात दाबपट्टीचा उपयोग होतो का, यावर डॉक्टरांतही मतं वेगळी आहेत. पण अंधारात चावून गेलेला साप कोणता ते घरच्यांना कळत नाही, आणि पट्टीचा दाब नेमका ठेवणं शिकल्याशिवाय जमत नाही. म्हणून आपल्याकडच्या मार्गदर्शक सूचना 'बांधू नका, चावलेला हात-पाय हलवू नका' एवढंच सांगतात.

जुना_पत्रपाना

लांबीबद्दल ताईंचं म्हणणं मला निम्मं पटतं. उत्तर मोबाइलच्या एका पडद्याच्या फार पुढे जाऊ नये. पण दोन ओळींचं उत्तर हुकूम वाटतं. अनोळखी माणूस हुकूम मानत नाही, त्याला कारण लागतं.

शिवारातला_गणपत

मी स्वतः शेतकरी. एक सांगतो, रागावू नका. बाबाला भोंदू म्हणालात की गाव तुमचं ऐकायचं बंद करणार. आमच्याकडचे बाबा पैसे घेत नाहीत, नारळ ठेवला तर ठेवला. रात्री दोनला उठतात, माणसाच्या उशाशी बसतात. लोकांना आधार वाटतो. दवाखान्यात गेलं की 'डॉक्टर नाहीत, पुढे न्या' ऐकायला मिळतं, तेही खरं आहे. आमच्या पलीकडच्या गावात सरपंचांनी बाबांनाच समजावलं, आता ते हात लावून लगेच गाडीत बसवतात. म्हणून बाबाला सोडून बोलू नका, बाबाला धरून बोला.

दुसरं, 108 लवकर आली नाही तर आम्ही मोटरसायकलवर पेशंटला मध्ये बसवतो, मागे एकजण धरून. ते चालतं का?

डॉक्टरकाका_निवृत्त

चालतं. त्याला स्वतःला चालवत आणण्यापेक्षा कितीतरी बरं. मागचा माणूस घट्ट धरणारा हवा, कारण मण्यार किंवा नाग असेल तर मान टाकायला वेळ लागत नाही. आणि गणपतराव म्हणतात ते 'पुढे न्या'चं दुखणं खरं आहे, ते उत्तरात नाकारू नका.

सिस्टर_तळकोकण

सगळ्यांचे आभार. गणपतदादांचं वाचून थांबले होते. बाबांवरचा राग आपण काढत होतो तो कोणाच्या कामाचा, असं वाटलं. हा दुसरा मसुदा:

"नमस्कार. मी तुमच्या भावनांचा आदर करते, पण तुमची माहिती पूर्णपणे चुकीची आणि घातक आहे. तुमच्या गावात कोणी दगावलं नसेलही, पण त्याचं कारण बहुतेक साप बिनविषारी असतात हे आहे. कृपया विज्ञान समजून घ्या. दोरी बांधल्यामुळे आमच्याकडे मागच्या पावसाळ्यात आलेल्या एका मुलाच्या पायाचं बोट काढावं लागलं. चीर देणं, रक्त चोखणं, पाला बांधणं, बर्फ लावणं, करंट देणं हे सगळं निषिद्ध आहे. अशा पोस्ट टाकून लोकांचे जीव घेऊ नका."

जुना_पत्रपाना

शिव्या गेल्या, पण राग जागा बदलून बसलाय. 'आदर करते, पण' वाचलं की पुढे काय येणार ते कळतं, तो आदर कोणाला पोचत नाही. काढून टाका. 'नसेलही' मध्ये अविश्वास आहे, तिथे 'खरं असेल' लिहा, कारण डॉक्टरकाकांच्या मते ते खरं असू शकतं. 'विज्ञान समजून घ्या' म्हणजे 'तुम्हाला कळत नाही'चीच सभ्य आवृत्ती. शेवटचं वाक्य त्यांच्यावर खुनाचा आरोप करतं. त्यांनी ती पोस्ट लोकांचे जीव वाचावेत म्हणूनच टाकली आहे, इतकं तरी धरून चाला. तुम्हा दोघांना हवंय ते एकच आहे आणि मतभेद उपायावर आहे, हे वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे.

बर्फ, करंट, पाला हे त्या गृहस्थांनी लिहिलेलंच नाही. न केलेल्या विधानाला उत्तर दिलं की समोरचा म्हणतो, 'मी कुठे म्हणालो?', आणि गाडी तिथेच रुतते.

बोटाचं उदाहरण ठेवा. अख्ख्या मसुद्यात डोळ्यांसमोर येतं ते तेवढंच.

डॉक्टरकाका_निवृत्त

बोटाच्या बाबतीत माझं मत वेगळं. तालुका छोटा आहे, 'मागच्या पावसाळ्यात, मुलगा, पायाचं बोट' एवढ्यावर गाव ओळखेल. रुग्णाची परवानगी नाही. 'असे पाय आम्ही बघतो' एवढंच लिहा.

जुना_पत्रपाना

मग धार जाते त्याची. वय आणि काळ काढून ठेवता येईल.

सिस्टर_तळकोकण

काका म्हणतात ते मला पाळावंच लागेल, नोकरीचाही प्रश्न आहे. त्याऐवजी दवाखान्यात आम्ही नेमकं काय करतो ते सांगते. लोकांना वाटतं तिथे नुसतं सलाइन लावून ठेवतात. अंतिम मसुदा:

"नमस्कार. मी ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे. पावसाळ्यात सर्पदंशाची माणसं आमच्याकडे येतात, म्हणून लिहिते.

तुमच्या गावात बाबांकडे आलेला कोणी चाळीस वर्षांत दगावला नाही, असं तुम्ही म्हणता. ते खरं असेल. बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही कधीकधी विष न सोडता चावतो. अशी माणसं कोणत्याही उपायाने वाचतात. ज्यांच्या अंगात विष गेलंय, त्यांना उतार पडत नाही म्हणून उशिरा दवाखान्यात आणलं जातं, आणि त्यातली काही जातात. त्यामुळे बाबांकडे सगळे वाचतात आणि दवाखान्यात मरतात असं दिसतं. दवाखान्यातही कधी डॉक्टर नसतात, पुढे पाठवतात, हा लोकांचा अनुभव मी नाकारत नाही.

दोरी बांधण्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. आवळून बांधलं की खाली रक्त पोचत नाही आणि घोणशीचं विष त्याच जागी मांस कुजवत राहतं. असे पाय आम्ही बघतो. चीर देण्याबद्दलही तसंच. घोणस आणि फुरसं यांच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, त्यामुळे ब्लेडची छोटी जखमही वाहत राहते, आणि चिरेतून विष बाहेर येत नाही.

दवाखान्यात आम्ही काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडं रक्त घेतो आणि 20 मिनिटं न हलवता ठेवतो. मग नळी तिरकी करतो. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष रक्तात भिनलंय हे कळतं आणि प्रतिविष सुरू होतं. गोठलं तरी लगेच घरी सोडत नाही, पुन्हा पुन्हा बघतो. नाग-मण्यारीचं विष या नळीत दिसत नाही, त्यासाठी डोळ्यांच्या पापण्या आणि श्वास यांवर लक्ष ठेवतो.

म्हणून विनंती: अंगठी, जोडवी, पैंजण काढा, चावलेला हात किंवा पाय फळी लावून स्थिर ठेवा, चालू देऊ नका, 108 ला फोन करा. बाबांना सोबत घ्या, त्यांच्यामुळे माणूस घाबरत नाही. फक्त थांबू नका. तुमच्या गावापासून प्रतिविष असलेला दवाखाना किती दूर आहे, ते कळवाल का?"

स्पष्टवक्ती_पुणे

लांब आहे. पण मी शेवटपर्यंत वाचलं, हेही सांगते.

जुना_पत्रपाना

टाका. शेवटचा प्रश्न चांगला आहे, कारण त्याचं उत्तर फक्त त्यांनाच माहीत आहे. एकच सुचवतो, 'माझं मत वेगळं आहे' हे डॉक्टरी बाबतीत कमकुवत नाही का? ते मत नाही, ज्ञान आहे.

सिस्टर_तळकोकण

विचार केला त्यावर. ठेवतेय तसंच. पुढे कारणं दिलीच आहेत, ती वाचून ज्याचं त्याने ठरवावं.

सिस्टर_तळकोकण

कळवायचं राहिलं. उत्तर आलं त्या गृहस्थांचं. लिहितात, "ताई, चीर देऊ नये हे मान्य, पोस्टमधून काढलं. बांधण्याचं पटत नाही, विष वर चढू नये म्हणून आमचे आजोबा बांधायचे. दवाखाना 34 किलोमीटर, प्रतिविष असतं की नाही माहीत नाही, उद्या विचारून सांगतो." ब्लेडची ओळ खरंच काढली आहे. दोरीची तशीच आहे.

माहीमचा_बंड्या

म्हणजे अर्धंच काम झालं. दोरीनेच तर पाय जातात म्हणालात ना?

सिस्टर_तळकोकण

हो. दोरीबद्दल पुन्हा लिहिणार आहे, पण त्यांनी दवाखान्याचं विचारून आल्यावर. आत्ता लगेच लिहिलं तर चीर मान्य केल्याचा त्यांना पश्चात्ताप व्हायचा.

जपून ठेवणाऱ्या त्या बाईंनी खाली विचारलंय, "कोणी आधीच बांधून ठेवलं असेल तर सोडायचं का?" मी लिहिलं, "सोडू नका, तसंच आणा."

डॉक्टरकाका_निवृत्त

उत्तर बरोबर आहे, पण कारण जोडा, नाहीतर दोन तासांपूर्वी 'बांधू नका' म्हणणाऱ्या बाई आता 'सोडू नका' म्हणतात असं वाटेल. एकदम सोडलं तर अडकलेलं विष एका दमात अंगभर जाऊ शकतं, म्हणून प्रतिविष आणि श्वासाची सोय हाताशी असेल तिथेच सोडतात. आणि बांधल्याची वेळ कागदावर लिहून आणायला सांगा, ड्यूटीवरच्या डॉक्टरला ती लागते.